मधला नंबर कुठे गेला?

सांगलीतून हळद पावडर विकणाऱ्या एका बाईंचा धंदा डोळ्यांपुढे आणू. घरामागच्या खोलीत पाकिटं भरायची, स्वतःच्या छोट्या वेबसाइटवर आणि एका मोठ्या ऑनलाइन बाजारात विकायची. एप्रिल महिन्यात एकट्या वेबसाइटवरून पाचपन्नास ऑर्डरी गेल्या. गिऱ्हाइकं सगळी घरगुती, कुणाकडेही स्वतःचा जीएसटी नंबर नाही. मे महिन्यात त्या जीएसटीआर-१ हे विवरणपत्र भरतात, तेव्हा यांतलं एकही बिल पोर्टलवर सुटं चढवावं लागत नाही. महाराष्ट्रात इतकी विक्री, कर्नाटकात इतकी, गोव्यात इतकी, अशी राज्यवार आणि करदरानुसार बेरीज टाकली की झालं. नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेलं प्रत्येक बिल सरकारला दिसतं. अशा किरकोळ विक्रीचं मात्र एकगठ्ठा आकड्यापलीकडे काहीच दिसत नाही.

मग हा आकडा खरा कशावरून? त्याचं उत्तर त्याच विवरणपत्रातल्या तेराव्या तक्त्यात आहे. या काळात फाडलेल्या बिलांचा पहिला क्रमांक कोणता, शेवटचा कोणता, एकूण किती, त्यांपैकी रद्द किती, एवढंच तिथे विचारतात. तक्ता दिसायला किरकोळ आहे आणि बरेच विक्रेते तो शेवटच्या मिनिटाला कसाबसा भरतात. पण किरकोळ विक्रीपुरतं बोलायचं, तर बेरजेचा आकडा आणि प्रत्यक्ष बिलं यांना जोडणारा विवरणपत्रातला दुवा हाच. बिलाचे क्रमांक ओळीने का हवेत, याचं खरं कारण इथे आहे. ते समजण्यासाठी आधी बिलावर काय काय असतं ते पाहू.

बिल फाडायचं कुणी

वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. पण करपात्र माल राज्याबाहेर पाठवला की, हस्तकलेच्या वस्तूंसारखे काही अपवाद सोडले, तर ही सवलत संपते. सांगलीची हळद बेंगळुरूला निघाली की उलाढाल कितीही असो, नोंदणी हवीच. ऑनलाइन विकणाऱ्याला राज्याची हद्द अशी पहिल्याच महिन्यात आडवी येते.

नोंदणी नसलेल्याने बिलावर जीएसटी लावायचाच नाही. कंपोझिशन योजनेत असलेल्यानेही लावायचा नाही. त्याने 'बिल ऑफ सप्लाय' नावाचा कागद द्यायचा. गिऱ्हाइकाकडून कर घेऊन तो सरकारजमा करणाऱ्या नियमित नोंदणीदाराचं बिल म्हणजे टॅक्स इनव्हॉइस. माल पाठवायचा असेल, तर तो जागेवरून हलण्याआधी किंवा हलताना हे बिल तयार हवं. पाकीट कुरिअरवाल्याच्या हातात पडल्यावर संध्याकाळी सवडीने बिल करण्याची सोय कायद्यात नाही.

बिलावर काय हवं

बिलावरच्या रकान्यांची यादी केंद्रीय जीएसटी नियमावलीच्या ४६व्या नियमात आहे. ती लांबलचक असली, तरी प्रश्न मोजकेच आहेत: कुणी विकलं, कुणाला, काय, कितीला, आणि कर कोणत्या राज्याचा.

विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक सर्वांत वर. पंधरा अक्षर-अंकांच्या या क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. मग बिलाचा क्रमांक आणि तारीख. घेणाऱ्याकडे जीएसटी नंबर असेल, तर त्याचं नाव, पत्ता आणि तो नंबर अचूक हवा, कारण त्यावरच त्याला भरलेल्या कराची वजावट मिळते. घरगुती गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता ५० हजारांपासून पुढच्या बिलावर सक्तीचा आहे, त्याखाली गिऱ्हाइकाने मागितला तर. पण ऑनलाइन विक्रीत पत्त्याशिवाय पाकीट पोचतच नाही, आणि कर कोणत्या राज्याचा हेही पत्त्यावरून ठरतं. तेव्हा तो प्रत्येक बिलावर छापलेला बरा.

पुढे मालाचं वर्णन, नग किंवा किलो, आणि एचएसएन हा मालाच्या वर्गवारीचा आकडा. हळदीसाठी तो 0910. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्याला व्यापाऱ्याच्या बिलावर चार अंकी एचएसएन पुरतो, घरगुती गिऱ्हाइकाच्या बिलावर तो ऐच्छिक आहे. यानंतर सवलत वजा करून उरलेली करपात्र किंमत, कराचा दर आणि कराची रक्कम, हे तिन्ही वेगवेगळे. 'सर्व करांसहित' एवढं लिहून भागत नाही. शेवटी सही. बिल इलेक्ट्रॉनिक स्वरूपात रीतसर काढलं असेल, तर सही नसली तरी चालते. हळद खाण्याची वस्तू असल्यामुळे बिलावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांकही लागतो. तो नियम जीएसटीचा नाही, अन्नसुरक्षा खात्याचा आहे.

आता एक बिल प्रत्यक्ष करून पाहू. अर्ध्या किलोची चार पाकिटं, प्रत्येकी २१० रुपये, कर धरून. एकूण ८४० रुपये. वेबसाइटवर दहा टक्के सवलत चालू आहे, म्हणजे ८४ रुपये वजा, उरले ७५६. पोचवण्याचे ८४ रुपये वेगळे. गिऱ्हाइकाने एकूण ८४० रुपये भरले.

हळद पावडरीवर पाच टक्के जीएसटी आहे. किमतीत कर आधीच मिसळलेला असल्यामुळे ७५६ चे पाच टक्के काढायचे नाहीत, ७५६ ला १.०५ ने भागायचं. हळदीची करपात्र किंमत आली ७२० रुपये. पोचवण्याच्या खर्चाचं काय? 'हे तर कुरिअरवाल्याचे पैसे, माझे नाहीत' असं म्हणून विक्रेते ही रक्कम बिलाबाहेर ठेवतात. पण विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून मालाबरोबर घेतलेलं भाडं मालाच्या किमतीतच धरलं जातं आणि त्याला दरही मालाचाच लागतो. ८४ भागिले १.०५ म्हणजे ८० रुपये. करपात्र किंमत ८०० रुपये, कर ४० रुपये, एकूण ८४०.

चाळीस रुपये कुणाचे

माल महाराष्ट्रातच गेला असेल, तर या चाळिसांचे दोन भाग होतात: २० रुपये केंद्राचे, म्हणजे सीजीएसटी, आणि २० रुपये राज्याचे, म्हणजे एसजीएसटी. माल कर्नाटकात गेला, तर चाळीसही रुपये आयजीएसटी या एकाच नावाखाली दाखवायचे, आणि बिलावर पुरवठ्याचं ठिकाण म्हणून कर्नाटक हे नाव लिहायचं. गिऱ्हाइकाला दोन्हीकडे ८४० रुपयेच पडतात. म्हणून ही चूक झाली, तर गिऱ्हाईक कधीच तक्रार करत नाही.

अडचण भेटवस्तूंच्या ऑर्डरीत येते. पुण्यातल्या बाईंनी पैसे भरले, बिलाचा पत्ता पुण्याचा दिला, पण हळद पाठवायला सांगितली बेंगळुरूच्या बहिणीकडे. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात असं आहे की, गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल, तर बिलावर लिहिलेला त्याचा पत्ता ज्या राज्यातला, ते पुरवठ्याचं ठिकाण. पण इथे पत्ते दोन. केंद्राने जून २०२४ मध्ये परिपत्रक काढून खुलासा केला: दोन पत्ते वेगळे असतील, तर माल जिथे पोचवायचा तो पत्ता धरायचा. म्हणजे या बिलावर ४० रुपये आयजीएसटी लागेल. वेबसाइटचं सॉफ्टवेअर पैसे भरणाऱ्याच्या पत्त्यावरून कर ठरवत असेल, तर ते इथे चुकेल, आणि प्रत्येक भेटवस्तूला चुकत राहील. तपासायचं असेल, तर अशी एक ऑर्डर स्वतःच टाकून बिलात कोणता कर लागतो ते पाहावं.

चूक माल निघण्याआधी लक्षात आली, तर बिल रद्द करून दुसरं करता येतं. वर्षभराने लक्षात आली, तर योग्य कर पुन्हा भरायचा आणि चुकीच्या नावाखाली भरलेला परत मागायचा, असा लांबचा फेरा पडतो.

क्रमांक ओळीने का

क्रमांकाबद्दल नियमातल्या अटी चार. तो ओळीने वाढणारा हवा. सोळा अक्षर-अंकांपेक्षा मोठा नको. त्यात अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरपी रेघ एवढंच चालतं. टिंब किंवा # चालत नाही. आणि १ एप्रिल ते ३१ मार्च या आर्थिक वर्षात तो दुसऱ्या बिलाला द्यायचा नाही. `W/26-27/0001` यात बारा खुणा आहेत, तो बसतो. `HALAD/2026-2027/0001` दिसायला भारदस्त आहे, पण वीस खुणांचा असल्यामुळे बाद.

छापील पावतीपुस्तकाच्या काळात ही अट वेगळी सांगावी लागत नसे. छापखान्यातून आकडे छापूनच येत, खाली कार्बनची प्रत राही, आणि पान फाडलं तरी स्थळप्रत बोलायची. संगणकाने हा धाक काढून घेतला. एक्सेलमधलं बिल पुसलं, तर मागे काही उरत नाही. म्हणून क्रम पाळण्याचं जे काम पुस्तकाचा कागद करत होता, ते आता आकड्यांनी करायचं.

ते कसं होतं, पाहा. सांगलीच्या बाईंनी एप्रिलमध्ये वेबसाइटची बिलं `W/26-27/0001` पासून `W/26-27/0060` पर्यंत केली. सतरावं बिल झाल्यावर, पाकीट निघण्याआधी गिऱ्हाइकाने ऑर्डर मागे घेतली. एकतिसावं बिल त्या बेंगळुरूच्या भेटीचं. त्यात सीजीएसटी-एसजीएसटी लागल्याचं पॅकिंगच्या वेळी दिसलं, म्हणून ते रद्द करून बत्तिसावं केलं. तेराव्या तक्त्यात लिहायचं: पहिला क्रमांक 0001, शेवटचा 0060, एकूण ६०, रद्द २, निव्वळ ५८. विवरणपत्रात राज्यवार दाखवलेली वेबसाइटची विक्री या ५८ बिलांच्या बेरजेइतकी आलीच पाहिजे.

आता समजा, कुणाला पाच बिलांची विक्री लपवायची आहे. बिलं पुसली, तर मधे भगदाड पडतं आणि ६० पैकी ५५ च दाखवता येतात. पुढचे आकडे मागे सरकवून भगदाड बुजवावं, तर गिऱ्हाइकांच्या हाती गेलेल्या बिलांवर जुनेच क्रमांक आहेत. पाचही रद्द दाखवली, तर रद्द बिलांचा आकडा फुगतो, आणि कुरिअरच्या नोंदीत तीच पाकिटं पोचल्याची तारीख सापडते. क्रम चोरी थांबवत नाही. पण चोरी केली, तर तिला चार ठिकाणी खोटं बोलावं लागतं, आणि त्या चार ठिकाणांपैकी तीन विक्रेत्याच्या ताब्यात नसतात.

क्रमाची मर्यादाही इथेच आहे. बिल न फाडताच माल विकला, किंवा विवरणपत्रात न दाखवलेली दुसरीच मालिका गुपचूप चालवली, तर नुसते क्रमांक मोजून ते कळत नाही. ते उघडं पडतं बँक खात्यातल्या जमेवरून, किंवा कुण्या गिऱ्हाइकाच्या हातातलं अनोळखी मालिकेचं बिल समोर आल्यावर.

क्रमाबरोबर तारीखही बांधली जाते. २२ सप्टेंबर २०२५ ला अनेक वस्तूंचे दर एका रात्रीत बदलले. अंगाला लावायचा साबण १८ टक्क्यांवरून पाचवर आला. त्याआधी दोन दिवस १८ टक्के घेऊन विकलेला साबण कागदावर २३ तारखेचा दाखवला, तर मधले तेरा टक्के खिशात जातात. पण वीस तारखेच्या दोन बिलांमध्ये बसलेला क्रमांक तेवीस तारीख कशी मिरवणार? दोनशे दहा आणि दोनशे बारा वीस तारखेचे असतील, तर दोनशे अकराही वीसचाच. ३१ मार्चला राहून गेलेलं बिल एप्रिलमध्ये आठवलं, तर ते मागच्या तारखेने मधे घुसवता येत नाही, तेही याच कारणाने.

क्रम तुटतो कुठे

लबाडीपेक्षा निष्काळजीपणानेच क्रम जास्त तुटतो. सर्वांत मोठं कारण म्हणजे ऑर्डरचा क्रमांक हाच बिलाचा क्रमांक धरणं. ऑर्डरीचा आकडा गिऱ्हाईक बटण दाबतं तेव्हा पडतो. त्यांतल्या कितीतरींचे पैसेच येत नाहीत, काही पाठवण्याआधी रद्द होतात. बिलाचा क्रमांक पडायला हवा पाकीट निघताना. दोन्ही एक केले, की महिन्याला वीस-पंचवीस भगदाडं पडतात आणि प्रत्येकाचं उत्तर शोधावं लागतं. शिवाय लांबीचीही अडचण आहे: अॅमेझॉनचा ऑर्डर क्रमांक रेघांसकट १९ खुणांचा असतो, तो सोळात मावतच नाही.

दुसरं कारण दुहेरी क्रमांक. कालच्या बिलाची फाइल उघडायची, नाव-रक्कम बदलायची, नंबर बदलायचा राहून जायचा. व्यापाऱ्याच्या बिलात असं झालं, तर पोर्टल तोच क्रमांक त्या वर्षात दुसऱ्यांदा घेत नाही, चूक लगेच कळते. किरकोळ बिलं पोर्टलवर चढतच नसल्याने तिथे कुणी अडवत नाही. म्हणून महिन्याअखेर एक साधी वजाबाकी करावी. शेवटच्या क्रमांकातून पहिला वजा करून एक मिळवायचा. उत्तर आणि हातातली बिलं, रद्द धरून, सारखी आली पाहिजेत. कमी आली तर गळती, जास्त आली तर दुबार. पुढे शून्यं लावून चारही अंक लिहायचे ते यासाठीच, नाहीतर संगणक 10 ला 9 च्या आधी बसवतो आणि यादी पाहून काही कळत नाही.

तिसरी जागा परत आलेल्या मालाची. मे महिन्यात एक पाकीट परत आलं म्हणून एप्रिलचं बिल पुसायचं नाही. त्यासाठी क्रेडिट नोट काढायची. तिची मालिका वेगळी, उदाहरणार्थ `CN/26-27/0001`. तिच्यावर मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख लिहायची, आणि तेराव्या तक्त्यात तिचीही वेगळी ओळ भरायची. रद्द बिल म्हणजे न झालेली विक्री. क्रेडिट नोट म्हणजे झालेली विक्री मागे घेणं.

चौथी जागा बहुतेकांच्या नजरेतून निसटते. मोठे ऑनलाइन बाजार विक्रेत्याच्या वतीने बिल स्वतःच छापतात, आपल्या मालिकेत. बिल त्यांनी काढलं, तरी त्यावर जीएसटी नंबर सांगलीच्या बाईंचा आहे. म्हणजे ती मालिकाही त्यांचीच, आणि तेराव्या तक्त्यात तिच्यासाठी दुसरी ओळ लागते. एकाहून जास्त मालिका चालवायला कायद्याची पूर्ण मुभा आहे. अट एवढीच की प्रत्येक मालिका आतून अखंड हवी आणि एकही दडलेली नको. हा बाजार विक्रीचा तपशील आपल्या बाजूने वेगळा भरतो आणि निव्वळ करपात्र विक्रीवर अर्धा टक्का कर कापून सरकारजमा करतो. त्यामुळे इथला मेळ पोर्टलवर आपोआप लागतो किंवा आपोआप तुटतो.

भगदाड पडलं म्हणजे लगेच गुन्हा झाला असं नाही. नुसता क्रमांक हुकला, म्हणून कर बुडवला असं ठरत नाही. विचारल्यावर रद्द बिलाची प्रत आणि त्यामागचं कारण दाखवता आलं, की प्रश्न मिटतो. नियमाप्रमाणे बिलच न देणं किंवा दिलेलं बिल हिशेबात न धरणं याला मात्र २५ हजारांपर्यंत दंड आहे, आणि कर चुकवल्याचं दिसलं तर कलमं बदलतात. ही कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात. सहा वर्षांपूर्वीचं सतरावं बिल का रद्द झालं, हे तोंडी आठवणार नाही. म्हणून ज्या दिवशी रद्द केलं, त्याच दिवशी त्या बिलावरच एका ओळीत कारण लिहून ठेवायचं, आणि ते बिल न पुसता इतर बिलांच्या रांगेत आपल्या जागी राहू द्यायचं.